कानाच्या कडेचा रंग

पार्वतम्माच्या मांडीवर पहिल्यांदा तान्हं मूल ठेवलं गेलं, तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती.

उदगीरला, सून शिवगंगा हिच्या माहेरी, तेराव्या दिवशीचं बारसं होतं. स्वामींनी बाळाच्या गळ्यात घटकाभर लिंग बांधलं, विभूती लावली, आणि विहीणबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं सहज, काही विचार न करता, पार्वतम्माच्या मांडीवर ठेवलं. "घ्या, तुमचा नातू."

पार्वतम्माचे हात आखडून गेले. मान कुठे धरायची, कोपर कुठे ठेवायचं, काहीच कळेना. बायका हसल्या. त्यांना वाटलं, आनंदाने भांबावली असेल. पार्वतम्मा मात्र खाली बघत होती. गुलाबीसर गोरं, सायीसारखं तोंड. एवढ्या-एवढ्या पापण्या. तिने आपल्या काळ्या, भेगाळलेल्या बोटाने त्या गालाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. आपल्या बोटाचा रंग लागेल की काय, असं तिला वाटून गेलं.

तिच्या गावात, औशापासून दोन कोसांवर, तिला कुणी तान्ह्या मुलाजवळ येऊ दिलं नव्हतं. लग्नानंतर अठरा वर्षं तिची कूस उजवली नाही. त्या काळी अशा बाईला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकता येत नसे. बारशाचं बोलावणं तिच्या घराला वगळून पुढच्या घरी जाई. अगदीच समोरासमोर गाठ पडली तर आई पदर ओढून लेकराचं तोंड झाकून घेई. कुणी वाईट बोलत नसे. बोलायची गरजच नसायची. पुढे नवऱ्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, मन्मथ, त्यांनी दत्तक घेतला. पण तो घरात आला तेव्हा दोन वर्षांचा होता. पळत होता, "पानी दे" म्हणत होता. पार्वतम्माने त्याला वाढवला, शिकवला, नवरा गेल्यावर एकटीने त्याचं लग्न केलं. आई होणं म्हणजे काय, ते तिला सगळं माहीत होतं. फक्त पहिल्या दोन वर्षांचं पान तिच्याकडे कोरं होतं, आणि ते कोरं आहे हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं.

म्हणून उदगीरहून परत येताना एस्टीत ती सारखी आपल्या मांडीकडे बघत होती.

नंतरचे चार महिने कुणालाच कुठे जाता आलं नाही. आदल्या वर्षी पाऊस नावापुरता पडला होता. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या जीपगाड्या. पण नव्या जिल्ह्याला पाणी कुठून येणार? होळीच्या आधीच विहिरींचे तळ दिसायला लागले. मन्मथला सरकारी टँकरवर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि तो सकाळी अंधारात निघून रात्री धुळीने पांढरा होऊन परत येऊ लागला. उदगीरला जायचं म्हटलं की तो म्हणे, "अव्वा, सात गावं माझ्या टँकरच्या वाटंला डोळे लावून बसलेत. कसा जाऊ?" उदगीरहून कधीतरी कार्ड यायचं. बाळ खुशाल. बाळ हसायला लागलं. बाळाचं वजन वाढलं. पार्वतम्माला वाचता येत नसे. शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेऊन ती कार्ड देव्हाऱ्याजवळ ठेवी, आणि डोळे मिटले की तिला तेच सायीसारखं तोंड दिसे.

जूनमध्ये पाचव्या महिन्याचा मुहूर्त बघून शिवगंगेचा भाऊ तिला आणि बाळाला जीपने घेऊन आला. पार्वतम्माने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाण्याचं बोट डोळ्यांना लावलं आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. या वेळी हात आखडले नाहीत. चार महिने तिने उशी घेऊन सराव केला होता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवगंगेने दुपटं बाजूला केलं.

बाळ गुटगुटीत होतं. डोळे टपोरे. आणि रंग चांगला पिकल्या जांभळासारखा. सावळाही म्हणता येईना. काळाच.

"उन्हातून आलंय," पार्वतम्मा म्हणाली.

"व्हय, लई ऊन होतं," शिवगंगा म्हणाली आणि चप्पल काढून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्माने आंघोळीची तयारी केली. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरात दोन घागरी पाणी होतं. त्यातली अख्खी एक तिने चुलीवर चढवली. शिवगंगा बघतच राहिली.

"आत्याबाई, एवढं पाणी?"

"तुमच्याकडं पान्याचे हाल होते. लेकराला नीट न्हाऊ घातलं नसंल कुणी. मळ बसलाय."

"रोज न्हाऊ घालत होती आई. मसुराचं पीठ लावून."

पार्वतम्माने पाय लांब केले, बाळाला त्यावर पालथं घेतलं आणि बेसनात साय कालवून चोळायला लागली. पाठ, खांदे, दंड. बाळ आधी हसत होतं. मग कुरकुरायला लागलं. मग रडायला लागलं. ती चोळत राहिली. पाणी ओतायची, बघायची, परत पीठ घ्यायची. दंडावर लालसर चट्टे उठले आणि लालीखाली तोच काळा रंग, जिथल्या तिथे.

शिवगंगा आली आणि तिने सासूच्या पायांवरून मूल उचललं. ओलं, निथळतं मूल तिने आपल्या लुगड्यात घेतलं.

"मळ न्हाई तो," ती म्हणाली. "रंग हाय त्याचा."

"बारशाला असा नव्हता."

"मग?"

"मीच मांडीवर घेतलं होतं, गंगे. मी बघितलंय. असा नव्हता."

तिथून सुरू झालं. संध्याकाळपर्यंत पार्वतम्मा घरात फिरत राहिली, पण पाळण्यापाशी गेली नाही. तिच्या डोक्यात एक गोष्ट आली होती आणि ती एकदा आल्यावर जाईना. शिवगंगेनेच बारशाच्या दिवशी हसत-हसत सांगितलं होतं, की दवाखान्यात शेजारच्या खाटेवर पंचशीला नावाची बाई होती, तिलाही त्याच पहाटे मुलगाच झाला. दोघांना एकसारख्या हिरव्या फडक्यात गुंडाळलं होतं आणि आया दोन हातांत दोन घेऊन वजन करायला गेली होती. बौद्धवाड्याची पोर, पण लई चांगली, घरून आणलेला शिरा मला भरवला तिनं, असंही शिवगंगा म्हणाली होती. तेव्हा सगळे हसले होते.

आता पार्वतम्मा हसत नव्हती. बारशाला तर गोरंच होतं मूल. मग अदलाबदल बारशानंतरच झाली असणार. तेव्हा कोण आलं होतं? शिवगंगेला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "हाव, पंचशीला आली होती की भेटायला. महिन्याची झाल्यावर. दिवसभर होती. दोघं एकाच पाळण्यात झोपले होते."

एकाच पाळण्यात. पार्वतम्माने दाराची चौकट धरली.

मन्मथ जेवायला बसला तेव्हा तिने सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"अव्वा, काय बोलून राहिलीस तू?"

"माझं लेकरू दुसरीकडं हाय. स्वामींनी लिंग ज्याच्या गळ्यात बांधलं ते लेकरू दुसरीकडं हाय, अन् ज्याला बांधलं न्हाई ते आपल्या घरात. मला डोळे न्हाईत का?"

"गंगीला कळलं नसतं? आई हाय ती त्याची."

"ती रोज बघत होती. रोज बघणाऱ्याला कळत न्हाई. मी एकदाच बघितलंय, म्हणून मला कळतंय."

हे तिने असं काही ठासून सांगितलं, की मन्मथचं जेवण तिथेच संपलं. तो हात धुवायला उठला. मोरीपाशी उभा राहून, पाठ करूनच म्हणाला, "आन् समज असलं तरी? मी तरी कुठं तुझ्या पोटचा हाय?"

पार्वतम्मा म्हणाली, "तू कुणाचा हायस ते मला ठाऊक होतं. ज्यांनी दिलास त्यांनाबी ठाऊक होतं. इथं कुणी दिलं न्हाई, कुणी घेतलं न्हाई. आन् ते बारशाचं लेकरू कुठंतरी रडत असंल."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला. तोवर दारात ऐकत उभ्या असलेल्या शिवगंगेला राग होता, नुसता राग. त्या फुटलेल्या आवाजाने ती जराशी थबकली. सासूला लेकराचा रंग नको आहे, असं ती धरून चालली होती. सासू तर हरवलेलं लेकरू शोधत होती.

"पंचशीला आता लातूरला ऱ्हाते," शिवगंगा म्हणाली. "तिचा मालक नव्या कचेरीत शिपाई लागलाय. तिनं पत्ता दिलाय मला. उद्या जाऊ आपण. बघा तुमच्या डोळ्यांनी." मग बाळाला छातीशी घेऊन म्हणाली, "पण एक आत्ताच सांगते, आत्याबाई. तिथं सोन्याचं लेकरू असलं तरी हे मी कुणाला देणार न्हाई."

सकाळच्या एस्टीने दोघी निघाल्या. वाटभर ओसाड रानं. ठिकठिकाणी दुष्काळी कामावरची माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेली. पार्वतम्मा खिडकीशी बसली होती. बाळाने दोनदा तिच्या बांगड्यांना हात घातला. तिने हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही.

नव्या कचेरीच्या मागच्या वस्तीत पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पंचशीला दारातच धुणं वाळत घालत होती. शिवगंगेला बघून तिने ओलं लुगडं तसंच दोरीवर टाकलं.

"अगं बया! ताई! पत्र तरी टाकायचं. आत्या, बघा कोण आलंय. उदगीरची माझी खाटवाली."

आतून तिची सासू आली. सरजाबाई. साठीची, मिश्रीने काळे दात, कमरेला चंची. पंचशीलेने ओळख करून दिली, की आमच्या आत्या पस्तीस वर्षं सुईणपण करतात, उदगीरच्या सगळ्या खेड्यांतली अर्धी पोरं यांच्या हातची. "आन् माझ्या वक्ताला यांनीच मला दवाखान्यात नेलं. म्हनल्या, घरच्या सुनंचं माझ्या हातानं न्हाई, हात थरथरतो."

"थरथरला असता तर काय," सरजाबाई म्हणाली. "बसा की. चहा टाक गं. गुळाचा चालंल का? आमच्या घरचा घेता का न्हाई, ते आधी इचारते."

पार्वतम्माचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. तिचे डोळे खोलीभर फिरत होते. कोपऱ्यात साडीची झोळी टांगलेली होती. झोळी हलत होती.

"लेकरू कुठं हाय तुमचं?" तिने विचारलं.

"झोळीत. आत्ता उठंल."

"दाखवता का?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. पंचशीलेने शिवगंगेकडे बघितलं. शिवगंगा जमिनीकडे बघत होती. पंचशीलेने झोळीतून मूल काढलं आणि उजेडात, दाराशी आणलं.

ते मूल काळं होतं. शिवगंगेच्या बाळापेक्षा कांकणभर जास्तच. झोपेतून उठवलं म्हणून त्याने तोंड वाकडं केलं आणि आईच्या खांद्यात घुसवलं.

पार्वतम्मा उभी राहिली. पुन्हा बसली. मग म्हणाली, "मग गोरं लेकरू कुठं गेलं?"

पंचशीलेला हळूहळू कळलं. तिचा चेहरा आवळत गेला. "म्हणून आल्या व्हय तुम्ही? मी लेकरू बदललं म्हणून? शिरा भरवला त्याचं हे?"

"मी न्हाई गं," शिवगंगा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आणलंय ते यांचा जीव शांत व्हावा म्हणून."

"चोरी करायला आमचं लेकरू काय कमी हाय का?" पंचशीला म्हणाली. "यांच्या लेकराला काय दोन नाकं हायत?"

"थांब, पंचशीला." सरजाबाईने हात वर केला. चंचीतून तिने सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. एवढा सगळा वेळ ती पार्वतम्माकडे निरखून बघत होती. बाळंतिणीच्या खोलीत आलेल्या अनोळखी बाईकडे बघावं, तशी.

"अक्का," ती म्हणाली, "आमचंबी गोरंच होतं. बारशाला बायका म्हनल्या, सरजाबाई, इंग्रज आणला का? मी म्हनलं, थांबा, चार महिन्यांनी बघा तुमचा इंग्रज." ती हसली. पार्वतम्मा हसली नाही. सरजाबाई मग हसायची थांबली. "तुम्हाला खरंच ठावं न्हाई?"

"काय?"

"लेकरू जनमताना फिकं अस्तं. आपल्यात तर लईच. आई काळी, बाप काळा, आन् लेकरू निघतं गुलाबी. कातडी पातळ अस्ती, कांद्याच्या पापुद्र्यावानी, आतलं रगत वर दिसतं. रंग करणारं जे काय हाय, ते कातडीत बसलेलंच अस्तं, आईच्या पोटात असल्यापासून. पण त्याचं काम अजून पुरतं लागलेलं नस्तं. तुम्ही साखर कारखाना बघितलाय का? सगळा बांधून उभा अस्तो, माणसं आत अस्तात, पण बॉयलर पेटून गाळप जोरात व्हायला दिवस लागतेत. तसं. जनमल्यावर हळूहळू रंग तयार होतो आन् वरच्या कातडीत भरत जातो. पयल्या महिन्यात जरा, दुसऱ्यात जरा. सा महिन्यांत बराचसा कळतो. कुणाला वरीस लागतं, कुणाला त्याहून जास्त. ऊन लागलं तर जरा जोर धरतो, पण अंधाऱ्या खोलीत ठिवलं म्हणून थांबत न्हाई. आई-बापाकडनं जेवढा आलाय तेवढ्यावर येतो. मी हे आधी नुसतं बघून शिकले. मागनं दवाखान्यात आम्हा सुइणींना शिकवायला डाक्टरीणबाई आल्या, त्यांनीबी हेच सांगितलं."

"साय लावली तर?"

"साय खाऊ घाला त्याच्या आईला." सरजाबाईने शिवगंगेच्या मांडीवरच्या बाळाचा दंड बघितला. चट्टे अजून पुरते गेले नव्हते. ती त्यावर काही बोलली नाही. नुसती बोट फिरवून पुढे गेली, आणि ते न बोलणं पार्वतम्माला जास्त लागलं.

"पण कुणालाच कळत न्हाई असं कसं?" पार्वतम्मा म्हणाली. "समद्या बायकांना ठावं अस्तं?"

"ठावं अस्तं म्हणजे, कुणी सांगत न्हाई. बघूनच कळतं. आपली, जावंची, नणंदेची, शेजारणीची दोन-चार लेकरं बघितली की झालं." सरजाबाई थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्याकडं न्हाई का कुणाचं झालं?"

पार्वतम्माने पदर डोक्यावर ओढून घेतला. ती त्याचा काठ बोटांत फिरवत राहिली. बाहेर कुणाचीतरी घागर नळावर आदळली, भांडणाचा आवाज आला आणि विरला.

"झालं की. लई जणींचं झालं," ती म्हणाली. "मला कुणी जवळ येऊ दिलं न्हाई. मन्मथ दत्तक हाय. माझी कूस…" तिने वाक्य तिथेच सोडलं. "बारशाला गंगीच्या आईनं मांडीवर दिलं, ते पयलं. त्याच्या आधी मी तान्हं लेकरू हातात घेतलंच न्हाई."

शिवगंगेने मान वर केली. तीन वर्षं ती या बाईच्या हाताखाली नांदत होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. पंचशीलेच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी राहिला, पण त्याला आता कुठे जायचं ते कळेना.

सरजाबाई उठली. "चला माझ्यासंगं."

"कुठं?"

"तिसऱ्या खोलीत. परवा पहाटं झालीय पोरगी. माझ्याच हातची. चला."

"मी न्हाई येत."

"कामून?"

"बाळंतिणीची खोली हाय. माझी सावली…"

"अक्का," सरजाबाई म्हणाली, "मी इधवा हाय. वर पुन्हा आमच्या जातीची, म्हणून तुमच्या गावात माझीबी सावली नको अस्ती, फक्त लेकरू अडलं की मग चालती. पस्तीस वर्षं मी दोन्ही बघितलंय. मला तुमच्या सावलीचं काय सांगता? उठा."

तिने पार्वतम्माचा हात धरला आणि ओढलाच. शिवगंगा आणि पंचशीला दोन्ही बाळं घेऊन मागून गेल्या.

तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर पार्वतम्माचे पाय खरोखर थांबले. आत शेक-शेगडीचा, ओव्याचा वास भरलेला होता. खाटेवर एक विशीची बाई पडली होती, गडद काळी, थकलेली. तिने पदर ओढून लेकराचं तोंड झाकलं नाही. सरजाबाईबरोबर आलेली कुणीही बाई तिला सरजाबाईचीच वाटली असणार. ती म्हणाली, "या की, मावशी."

सरजाबाईने दुपटं सोडलं. तीन दिवसांची मुलगी. गुलाबी गोरी, कपाळावर लव, डोळे मिटलेले. पार्वतम्माने ओळखलं. तेच तोंड. चार महिने डोळे मिटले की दिसायचं, तेच. नाक वेगळं असेल, हनुवटी वेगळी असेल. पण ती साय तीच.

"आता हिच्या आईकडं बघा. आन् आता इथं बघा." सरजाबाईने मुलीची मान हलकेच वळवली. "हात लावा. लावा, काय होत न्हाई. कानाची वरची कड बघा."

कानाची कड गालासारखी गोरी नव्हती. तपकिरी होती. बारीक दोऱ्याएवढी, पण स्पष्ट.

"आन् हे नखाच्या मुळाशी बघा, काळपट. लघवीच्या जागीबी तसंच अस्तं. आम्ही सुइणी तोंडाकडं बघतच न्हाई. तोंड फसवतं. कान बघून सांगतो, लेकरू कुठल्या रंगावर जाणार. अगदी त्याच रंगावर येईल असं न्हाई, पण अदमास लागतो. ज्यांचं कूळच गोरं, त्यांच्या लेकराची कड गालासारखीच गोरी अस्ती."

पार्वतम्माने बोटाचं टोक त्या कडेवरून फिरवलं. या वेळी तिने बोट मागे घेतलं नाही. मुलीने झोपेतच तोंड मुरडलं. पार्वतम्मा खाली वाकून खूप वेळ बघत राहिली. नखं, बोटांच्या सांध्यांवरच्या घड्या, हाताचे तळवे. खाटेवरची बाई सरजाबाईला डोळ्यांनी विचारत होती, या कोण? सरजाबाई डोळ्यांनीच म्हणाली, असू दे.

मग पार्वतम्मा सरळ झाली आणि शिवगंगेकडे वळली. तिने हात पुढे केले नाहीत. तो हक्क तिने काल सकाळी न्हाणीपाशीच घालवला, असं तिला वाटत होतं. ती नुसती जवळ गेली आणि वाकून नातवाचा कान बघितला. कानाची कड आणि गाल एका रंगाचे होते. कड आधीपासून तिथे होती. बाकीचं अंग पाच महिने चालत तिच्यापाशी येऊन पोचलं होतं.

"हाच होता," ती म्हणाली. "मी कान बघितलाच न्हाई."

शिवगंगेने बाळाचं दुपटं सारखं केलं.

पार्वतम्मा पंचशीलेकडे वळली. ती वयाने निम्म्याहून लहान होती. पार्वतम्माने तिच्यासमोर हात जोडले. पंचशीलेने ते बघितलं आणि तोंड बाजूला केलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "चहा निवला असंल. गरम करते." तिने माफ केलं असं म्हणता येणार नाही. पण चहा गरम केला, आणि पार्वतम्माने तो बशीत ओतून सगळा प्याला. सरजाबाई कडेला बसून ते बघत होती.

परतीची एस्टी उन्हात तापलेली होती. मागच्या बाकावर दोघींना जागा मिळाली. मधे अर्ध्या हाताचं अंतर. बस गावाबाहेर पडली, खडीचे ढिगारे मागे गेले. बाळ शिवगंगेच्या मांडीवर झोपलं होतं.

"गंगे," पार्वतम्मा म्हणाली, "त्याच्या दंडाला तेल लावू का घरी गेल्यावर?"

"मी लावीन."

"बरं."

बरंच अंतर गेलं. कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेला. पार्वतम्मा पुन्हा म्हणाली, "मी त्याला तेरा दिवसांचा बघितला आन् मग एकदम पाच महिन्यांचा. मधलं तू बघितलंस. मला सांगशील का?"

"काय सांगू?"

"रंग कसा चढत गेला ते. अन् बाकीचंबी. कधी हसला, कधी कूस बदलली. समदं सांग. पयल्या दिवसापासून."

शिवगंगेने खिडकीबाहेर बघितलं. सासूबद्दलचा राग तिच्या मनातून गेलेला नव्हता आणि तो इतक्या लवकर जाणारही नव्हता. बेसनाखालचं ते रडणं तिला आयुष्यभर आठवणार होतं. पण या बाईला कुणीच कधी काही सांगितलं नाही, हेही आता तिला माहीत झालं होतं.

"पयल्या आठवड्यात तर पिवळा दिसत होता जरा," ती शेवटी म्हणाली, सासूकडे न बघता. "डाक्टर म्हनले, जाईल, अन् गेला. मग महिनाभर तसाच गुलाबी. मला आधी कपाळ काळपट झालेलं दिसलं. आईला म्हनलं, काजळ पसरलंय. पुसून बघितलं, मीबी. निघालं न्हाई."

"तूबी पुसलंस?"

"एकदाच. ओल्या फडक्यानं. आई हसली मला."

पार्वतम्मा जराशी सरकली. ऐकू नीट यावं म्हणून.

"मग?" ती म्हणाली.